फक्त चेहरा उजळायचाय, मागचं तसंच ठेवायचंय: स्नॅपसीडमधल्या लोकल मास्कबद्दल नेहमी येणारे प्रश्न

घरातले, नात्यातले, सोसायटीतले सगळेच फोटो "जरा बघ ना, चेहरा काळा आलाय" म्हणून माझ्याकडे येतात आणि प्रत्येकाला तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. मी मुख्यतः स्नॅपसीडबद्दल बोलणार कारण ते फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं आणि माझा हात त्यावर बसलाय. बटणांची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच दिलीत. २०२५ मधे आयफोनवर त्याचं रूप बरंच बदललं त्यामुळे एखादं बटण तुमच्याकडे दुसऱ्या कोपऱ्यात असेल, तेवढं शोधा.

मुळात चेहरा काळा येतोच का? डोळ्याला तर नीट दिसत होता.

कॅमेरा सगळ्या फ्रेमचा उजेड मोजतो आणि त्यातून एकच एक्सपोजर ठरवतो. मागे उघडं अंगण, खिडकी किंवा समुद्रावरचं आकाश असलं की त्याला वाटतं बाप रे केवढा उजेड, आणि तो सगळंच दाबतो. आकाश छान येतं आणि माणूस कोळसा. आपला डोळा तिथल्या तिथे जुळवून घेतो, म्हणून समोर उभं असताना आपल्याला हे कळतच नाही. आताचे फोन एचडीआर करून बरंच सावरतात, पण दुपारी बाराच्या उन्हात ओसरीवर बसलेल्या माणसाला तेही पुरत नाही.

मग सरळ Brightness वाढवला तर काय बिघडलं?

Tune Image मधला Brightness सगळ्या फोटोवर चालतो, म्हणजे चेहरा ठीक होईपर्यंत मागचं अंगण पांढरंफटक झालेलं असतं. Shadows वाढवणं त्यापेक्षा बरं, कारण ते फक्त गडद भागाला हात लावतं, पण गडद भाग म्हणजे फक्त चेहरा नव्हे ना, मागचा अंधारा दरवाजा, काळी छत्री, केस, खुर्चीखालची सावली हे सगळं वर येतं आणि फोटो धुरकट दिसायला लागतो. त्या सावल्यांमुळेच फोटोला खोली असते. म्हणून चेहऱ्यापुरता मास्क.

मास्क म्हणजे नक्की काय? तोंडाला लावायचा नाही ना?

नाही हो. मास्क म्हणजे "इथेच बदल कर, बाकीकडे बघू नकोस" असं ॲपला सांगणारा एक न दिसणारा कागद. स्नॅपसीडमधे तो बनवायच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक Selective, ज्यात तुम्ही गालावर एक टिंब ठेवता आणि ॲप स्वतः अंदाज घेतं की अजून काय काय त्यात धरायचं. दुसरी म्हणजे बोटाने रंगवायचा मास्क, ज्यात अंदाज वगैरे काही नाही, तुम्ही रंगवाल तेवढंच. माझी दहातली आठ कामं Selective मधे होतात, म्हणून आधी त्याबद्दल.

Selective मधे टिंब गालावर ठेवलं तरी मागची भिंत पण उजळते, ॲप बिघडलंय का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर कळलं की निम्मं काम झालं, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेकांना वाटतं की Selective म्हणजे एक गोल, गोलाच्या आतलं सगळं उजळणार आणि बाहेरचं नाही. तसं नाहीये. दोन बोटांनी पिंच करून तुम्ही जो गोल लहानमोठा करता ती फक्त हद्द आहे. त्या हद्दीच्या आत ॲप तुमच्या टिंबाखालचा रंग आणि उजेड बघतं आणि त्याच्याशी मिळतंजुळतं जे असेल त्यालाच धरतं, जे वेगळं आहे त्याला सोडतं किंवा अगदी कमी धरतं. स्नॅपसीड मूळचं निक सॉफ्टवेअर या कंपनीचं, गुगलने ती २०१२ मधे घेतली, आणि हे टिंबाचं तंत्र त्या निकवाल्यांचंच, त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमधे ते आधीपासून होतं.

आता यातून दोन गोष्टी होतात. चांगली अशी की डोक्यावर पांढरी टोपी असेल किंवा मागे निळं आकाश असेल तर गोल त्यावर गेला तरी त्यांना फारसं काही होत नाही, कारण त्यांचा रंग कातडीसारखा नाही. वाईट अशी की मागे कातडीच्याच रंगाचं काही असेल, म्हणजे सागवानी दार, मातीची भिंत, विटा, पुठ्ठ्याचा खोका, बेज रंगाचा पडदा, तर ॲपला तो गालच वाटतो आणि तोही उजळतो. ॲप बिघडलेलं नाही, त्याला गाल आणि दार यातला फरक माहीतच नाही, त्याला फक्त रंग कळतो.

मग भिंतीला कसं थांबवायचं?

आधी पिंच करून गोल लहान करा, पिंच करताना जो लाल थर दिसतो तोच तुमचा मास्क. लाल जिथे गडद तिथे पूर्ण परिणाम, फिकट तिथे अर्धा. हे न बघताच लोक बोट ओढायला लागतात आणि मग म्हणतात मागचं का बदललं.

तरीही भिंत लाल दिसत असेल तर भिंतीवरच दुसरं टिंब ठेवा आणि त्याचं Brightness शून्यावरच राहू द्या. हो, काहीच न करणारं टिंब. त्याचं काम एवढंच की त्या रंगाच्या त्या जागेवर हक्क सांगायचा, "इथे शून्य बदल". मग गालाचं टिंब तिथे पोचेपर्यंत मवाळ होतं. कानाच्या अगदी जवळ, जिथे भिंत आणि गाल एकमेकांना भिडतात तिथे हे ठेवलं तर जास्त उपयोग होतो, लांब कोपऱ्यात ठेवून काही फायदा नाही. मला हे कळायला वर्षभर लागलं, तोपर्यंत मी बिचाऱ्या भिंतींना उणे करून परत काळं करत बसायचो.

एखादा फोटो पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवा ना.

घ्या. आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं तेव्हाचा फोटो. ओसरीवर पाटावर बसलेत, पांढरी टोपी, पांढरा सदरा, डाव्या बाजूला जुना लाकडी खांब, मागे दुपारचं अंगण लख्ख. अंगण आणि तुळस सुंदर आलंय, आजोबांचा चेहरा मात्र चहाच्या चोथ्यासारखा.

Tools मधून Selective उघडलं. पहिलं टिंब उजव्या गालावर, जिथे ना सुरकुतीची सावली ना चमक, मधलाच रंग आहे अशा जागी. टिंबावर B अक्षर येतं म्हणजे Brightness निवडलेलं आहे. पिंच करून गोल कपाळापासून हनुवटीपर्यंत आणला. मग बोट आडवं उजवीकडे सरकवलं, +५० पर्यंत नेऊन बघितलं की कुठे फाटतंय, आणि परत मागे येत +३२ वर थांबलो. ही माझी सवय आहे, आधी मुद्दाम जास्त नेतो म्हणजे मास्क कुठे कुठे गळतोय ते ओरडून दिसतं.

दिसलं की लाकडी खांबाची आतली कड उजळलीय. खाली + दाबून खांबावर दुसरं टिंब, Brightness शून्य, गोल लहान. खांब परत आपल्या जागी.

आता चेहरा उजळ आणि गळा काळा, म्हणजे मुंडकं दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवल्यासारखं. तिसरं टिंब गळ्यावर, +१८. मुद्दाम चेहऱ्यापेक्षा कमी, कारण हनुवटीखाली सावली असतेच, ती पूर्ण काढली तर चेहरा सपाट होतो. चौथं टिंब मांडीवरच्या हातांवर, +१५. हात लोक कायम विसरतात, आणि बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही पण काहीतरी चुकलंय एवढं नक्की कळतं.

मग गालाच्या टिंबावर परत आलो. बोट उभं वरखाली सरकवलं की Brightness, Contrast, Saturation, Structure अशी यादी येते. उजळल्यामुळे बुबुळं आणि मिशा करड्या झाल्या होत्या म्हणून Contrast +१०, आणि रंग विटका झाला होता म्हणून Saturation +६. Structure ला हातही लावला नाही. सुरकुत्या वाढवायच्याही नव्हत्या आणि पुसायच्याही नव्हत्या, एक्याऐंशी वर्षांच्या आहेत त्या.

शेवटी वरच्या कोपऱ्यातलं चित्राचं चिन्ह दाबून धरून आधीचं आणि नंतरचं बघितलं. यात एक युक्ती सांगतो, चेहऱ्याकडे बघूच नका. कानाच्या बाजूच्या भिंतीकडे, टोपीच्या वरच्या आकाशाकडे नजर ठेवा आणि बोट उचला, दाबा, उचला, दाबा. तिथे काही लुकलुकलं तर मास्क गळतोय. लुकलुकलं नाही, बरोबरची खूण दाबली, झालं. सगळं मिळून चार टिंबं आणि पाचेक मिनिटं.

चेहऱ्याभोवती देवाच्या फोटोसारखं वलय आलं, ते कसं घालवायचं?

गोल फार मोठा ठेवलात आणि आकडा फार वर नेलात, दोन्ही एकदम झालं की हे होतं. केसांच्या कडेला मागचा रंग आणि कातडीचा रंग मिसळलेले असतात, ॲप तिथे गोंधळतं आणि थोडं थोडं बाहेरचंही उजळतं. आधी आकडा दहाने कमी करा, बऱ्याचदा तेवढ्यानेच जातं. नाही गेलं तर गोल लहान करा आणि मोठ्या एका टिंबाऐवजी कपाळाला एक आणि गालाला एक अशी दोन छोटी टिंबं वापरा, दोन्ही कमी आकड्याची. मागे एकसारखं मोकळं आकाश असेल तर वलय फार उठून दिसतं, मागे झाडी असेल तर बरंच खपून जातं, त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावरच्या फोटोंत जास्त जपून.

टिंब नक्की कुठे ठेवायचं? कपाळावर ठेवलं तर?

कपाळावर कुंकू किंवा गंध असेल आणि टिंब नेमकं त्यावर पडलं तर ॲप लाल रंग शोधत बसेल आणि चेहरा तसाच राहील, वर साडीचा लाल काठ मात्र उजळेल. हसू नका, हे मी मावशीच्या पैठणीवर करून बसलोय. कपाळावर बऱ्याचदा घामाची चमकही असते, ती आधीच उजळ असते आणि तिथला रंग धरला तर गाल सुटतात. नाकाचं टोक, चष्म्याची काच, दाढीचा भाग हेही टाळा. गालाचा मधला भाग, तोही सावलीच्या बाजूचा, कारण उजळायचंय तेच. टिंबावर बोट दाबून धरलं तर जवळचं मोठं करून दाखवतं, त्यात बघून नीट सरकवता येतं.

माझ्या फोटोत चेहऱ्याचा आणि मागच्या भिंतीचा रंग जवळजवळ एकच आहे, Selective ऐकतच नाही. दुसरा उपाय?

इथे हाताने रंगवायचा मास्क. याची गंमत अशी की आधी सगळा फोटो बिघडवायचा आणि मग तो बदल फक्त चेहऱ्यावर ठेवायचा.

Tune Image उघडा, फक्त चेहऱ्याकडे बघत Shadows +३० आणि Brightness +२० च्या आसपास आणा, बाकीचं पांढरं पडतंय पडू द्या. बरोबरची खूण दाबा. मग वरच्या थरांच्या चिन्हातून View edits उघडा, तिथे तुम्ही केलेल्या पायऱ्यांची यादी दिसेल, त्यात Tune Image वर टॅप केलं की ब्रशचं चिन्ह येतं, ते दाबा. आता फोटो परत मूळचा दिसेल, घाबरू नका, बदल कुठेही लागू नाही एवढाच त्याचा अर्थ. खाली आकडा १०० असेल, बोटाने चेहरा रंगवा, जिथे रंगवाल तिथेच बदल येईल. बाहेर गेलं तर आकडा ० करून तेवढं पुसा. डोळ्याचं चिन्ह चालू ठेवलं की रंगवलेलं लाल दिसतं, म्हणजे सुटलेला कान किंवा राहिलेली हनुवटी लगेच कळते.

ब्रशचा आकार बदलायला वेगळी पट्टी नाहीये आणि यावरून लोक जाम वैतागतात. फोटो झूम केला की ब्रश त्यामानाने बारीक होतो, झूम काढला की जाड. आणि जेवढा झूम जास्त तेवढी कडही कडक येते. म्हणून मी गाल आणि कपाळ कमी झूमवर १०० ने भरतो, मग जबड्याच्या आणि केसांच्या कडेला आकडा ५० किंवा २५ करून एकेकदा बोट फिरवतो. कड अशी पायऱ्यापायऱ्यांनी विरघळली पाहिजे. अगदी चित्रातल्यासारखी काटेकोर रेघ धरून रंगवलंत तर कात्रीने कापल्यासारखं दिसतं, त्यापेक्षा मिलिमीटरभर आत थांबलेलं बरं.

Tools मधे Brush म्हणून वेगळंच काहीतरी आहे, ते हेच का?

नाही, पण चुलतभाऊ म्हणा. त्यात Dodge & Burn आणि Exposure असे प्रकार आहेत, थेट बोटाने उजळ किंवा गडद करायला. डोळ्याखालच्या सावलीसारख्या बारीक जागेला Dodge & Burn वर +५ ने एकदा फिरवलं की पुरतं. सगळा चेहरा त्याने उजळायला जाऊ नका, बोटाचे पट्टे दिसतात, भिंतीला घाईत रंग दिल्यासारखे.

उजळला पण चेहरा राखाडी, आजारी दिसतोय.

सावलीतल्या चेहऱ्यावर थेट ऊन नसतं, वरच्या आकाशाचा निळसर उजेड असतो. अंधारात तो निळेपणा लपलेला असतो, उजळला की वर येतो, म्हणजे तुम्ही नुसता चेहरा नाही तर त्यावरचा निळा रंगही उजळलाय. मग Saturation कितीही वाढवा, फक्त ओठ लाल होतात. याला उपाय Brush मधलं Temperature, +५ वर ठेवून चेहरा आणि गळ्यावरून एकदा फिरवा, थोडी ऊब येते. दोनदा फिरवलंत तर हळद लागल्यासारखं दिसेल, हळदीचाच फोटो असेल तर गोष्ट वेगळी. झाडाखाली काढलेल्या फोटोत निळ्याऐवजी हिरवट छटा असते, ती या Temperature ने पूर्ण जात नाही, कमी होते फक्त.

किती उजळायचं याला काही माप?

ठरलेला आकडा नाही, पण Selective मधे मी +२० ते +४० च्या बाहेर क्वचितच जातो. त्याच्या वर जावं लागत असेल तर फोटोतच दम नाही असं समजा. अंदाज घ्यायला फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा, आधी चेहरा दिसला पाहिजे पण तो दिवा लावल्यासारखा वाटायला नको. माणूस सावलीत बसलाय आणि अंगणात ऊन आहे, तर चेहरा अंगणापेक्षा थोडा मंदच असणार, त्याला उन्हाइतका केलात की खोटं वाटतं. आणि एडिट करताना फोनचा रात्रीचा पिवळा मोड बंद, स्क्रीनचा उजेड अर्ध्यावर. उन्हात उभं राहून स्क्रीन फुल करून एडिट केलेले फोटो घरी येऊन बघितले की कळतं काय केलंय ते.

"अजून थोडी गोरी कर ना" म्हणतात, तेही यानेच होतं का?

होतं, पण मी करत नाही. कॅमेऱ्याने कमी पडलेला उजेड परत देणं हे एक काम आणि माणसाचा रंग बदलणं हे दुसरं. फरक ओळखायला सोपं आहे, चेहऱ्याचा रंग त्याच फोटोतल्या हातांशी आणि मानेशी जुळतोय का बघा. नवरीचा चेहरा पांढरा आणि मेंदीचे हात सावळे असे अल्बम पाहिलेत मी, चांगले पैसे घेऊन केलेले. लग्नाच्या फोटोत सावळी मुलगी सावळीच दिसली तर तिचीच आठवण राहते ना.

रात्रीच्या मांडवातला फोटो उजळला तर सगळे दाणे दाणे दिसतात.

दिसणारच. अंधारात फोनच्या सेन्सरला फार कमी उजेड मिळालेला असतो, त्यात खरी माहिती थोडी आणि खरखर जास्त, आणि उजळताना दोन्ही सारखेच वर येतात. शिवाय साध्या जेपेगमधे गडद भागाचे बारकावे फोनने आधीच दाबून टाकलेले असतात. +१५ वर समाधान माना, Structure थोडं उणे करा, −१० वगैरे, दाणे जरा मऊ होतात. त्याहून जास्त केलंत तर चेहरा मेणाचा. तुमचा फोन रॉ म्हणजे डीएनजी फाइल काढत असेल तर तिच्यात गडद भागातून बरंच जास्त निघतं, स्नॅपसीड ती उघडतं.

उलट बाजूही सांगतो, फ्लॅशने गाल पांढरेफटक झाले असतील तर कुठलाच मास्क तिथे काही आणू शकत नाही. उणे केलंत तर पांढऱ्याचं राखाडी होईल, कातडी परत येणार नाही.

ग्रुप फोटोत बारा जण आहेत, टिंबं तर आठच ठेवता येतात.

आठ झाली की बरोबरची खूण दाबा आणि Selective परत उघडा, नवी आठ मिळतात. पण सगळ्यांना एकच आकडा देऊ नका. एका टिंबाचं Copy करून दुसऱ्याच्या गालावर Paste करता येतं, त्याने वेळ वाचतो, तरी प्रत्येकाचा आकडा नंतर वेगळा बघा, कारण गोऱ्या माणसाला +३० ने गाल पांढरे पडतात तेव्हा शेजारच्या सावळ्या माणसाला तो जेमतेम पुरतो. आणि खरं सांगू का, बारापैकी काळे आलेले बहुधा मागच्या रांगेतले तिघंचौघंच असतात, तेवढ्यांनाच करा.

लाइटरूममधे हे जास्त चांगलं होतं म्हणतात, खरं का?

खरं आहे, पण मोबाइलवर त्यातलं Masking पैसे भरणाऱ्यांना मिळतं. त्यात ॲप स्वतः माणूस ओळखून चेहऱ्याची कातडी वेगळी निवडून देतं, किंवा Radial Gradient ने चेहऱ्यावर लंबगोल टाकून Feather वाढवून कड विरघळवता येते, आणि त्याच मास्कमधे Exposure, Shadows, Temp सगळं एका जागी. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मास्क जपून राहतो, महिन्याने उघडून आकडा बदलता येतो. फक्त Subject निवडून थेट उजळू नका, त्यात अख्खा माणूस येतो आणि पांढरा सदरा जळतो. महिन्याला दोनचार फोटो करणाऱ्याला यासाठी पैसे भरायची गरज नाही असं माझं मत.

सेव्ह केल्यावर परत मास्क बदलता येईल का?

Export ने बाहेर काढलेल्या फाइलमधे मास्क नसतो, तो सपाट फोटो असतो. म्हणून मूळ फोटो डिलीट करू नका, "जागा होत नाही" म्हणून मूळच उडवणारे माझ्या घरात दोघं आहेत. सेटिंगमधे जेपेगची क्वालिटी ९५ किंवा १०० वर ठेवा, आणि प्रिंट काढायला स्टुडिओवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो आणि तुम्ही उजळलेल्या गालावरच आधी चौकोन चौकोन दिसतात.

पुढच्या वेळी हे करावंच लागू नये म्हणून फोटो काढतानाच काही?

चेहऱ्यावर टॅप करा, मग बाजूला जो सूर्य किंवा छोटी पट्टी येते ती किंचित वर सरकवा, अंगण थोडं फुटलं तरी चालेल. नाहीतर पाट उचलून दोन फूट उंबऱ्याकडे सरकवा आणि माणसाचं तोंड उजेडाकडे फिरवा. आजोबांना उठवायचं कोणी हा वेगळा प्रश्न आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून तर मास्क शिकलो.